सिंक फोल्डरमधली एकच प्रोजेक्ट फाइल दोघांनी उघडली की काम कुठे जातं, आणि लॉक ते कसं वाचवतो

प्रश्न: आम्ही दोघं मिळून एक माहितीपट एडिट करतोय. मी पुण्यात, माझी सहकारी नाशिकला. प्रीमियरची प्रोजेक्ट फाइल सिंक होणाऱ्या क्लाउड फोल्डरमध्ये आहे, फुटेजच्या हार्ड डिस्क दोघांकडे वेगवेगळ्या आहेत. काल तिने केलेलं मुलाखतींचं सगळं काम फाइलमधून गेलं. सिंक व्यवस्थित चालू होतं, कॉन्फ्लिक्टची वेगळी कॉपीसुद्धा तयार झाली नाही. मग सिंक असताना फाइल लॉक करायची गरज काय, आणि करायची तर कशी?

उत्तर:

आधी तातडीचं सांगतो. तुमच्या सहकाऱ्यांनी कालपासून प्रीमियर बंद केलं नसेल तर आता बंद करू नका आणि साधं Save सुद्धा दाबू नका. त्यांचं काम प्रीमियरच्या मेमरीत अजून जसंच्या तसं असण्याची शक्यता आहे. File मेनूतलं Save As वापरून वेगळ्या नावाने, सिंक फोल्डरच्या बाहेर एक कॉपी काढून घ्या.

प्रीमियर बंद झालं असेल तर दोन ठिकाणी बघा. पहिलं ठिकाण म्हणजे क्लाउडच्या वेबसाइटवर त्या फाइलची व्हर्जन हिस्टरी. दुसरं म्हणजे प्रोजेक्ट फाइलच्या शेजारी असणारं `Adobe Premiere Pro Auto-Save` हे फोल्डर, त्यात तारीख-वेळेसकट जुन्या प्रती पडलेल्या असतात. हवं ते व्हर्जन सापडलं की Restore दाबायचा मोह टाळा. Restore केलं की त्यांचं काम परत येईल आणि चालू फाइलमधून तुमचं जाईल. ते व्हर्जन डाउनलोड करून वेगळ्या नावाने ठेवा. मग सध्याचा प्रोजेक्ट एकट्यानेच उघडा, File > Import मधून ती जुनी `.prproj` निवडा आणि Import Selected Sequences करून फक्त मुलाखतींचे सिक्वेन्स आत घ्या. काही क्लिप बिनमध्ये दोनदा दिसतील, त्या नंतर आवरता येतात. ड्रॉपबॉक्सच्या साध्या खात्यात जुनी व्हर्जन ३० दिवस राहतात, बाकी सेवांची मुदत वेगवेगळी असते, त्यामुळे हे आजच करा.

हिस्टरीत बरीच व्हर्जन असतील तर प्रत्येक प्रीमियरमध्ये उघडून बघायची गरज नाही. `.prproj` ही फाइल म्हणजे जीझिपने दाबलेला एक्सएमएल मजकूर असतो. मॅक किंवा लिनक्सच्या टर्मिनलवर असं विचारता येतं:

```
gzip -dc < film_1140.prproj | grep -c "Mulakhat_03"
```

उत्तर ० आलं तर त्या नावाचा सिक्वेन्स त्या व्हर्जनमध्ये नाही. सिक्वेन्स आधीपासून होता आणि त्यात फक्त कट बदलले असतील, तर मात्र उघडूनच बघावं लागतं.

आता काल काय झालं ते बघू. वेळा मी नमुन्यादाखल घेतोय, क्रम जवळपास नक्की असाच असणार.

सकाळी ११ वाजता तुम्ही दोघांनी फाइल उघडली. तिला पहिलं व्हर्जन म्हणू. प्रीमियर प्रोजेक्ट उघडताना पूर्ण फाइल वाचून मेमरीत घेतं. त्यानंतर डिस्कवरच्या फाइलचं काय होतंय याकडे ते बघत नाही, थेट Save च्या वेळी ती पूर्ण नव्याने लिहितं. ११:४० ला नाशिकहून Save झालं. दुसरं व्हर्जन तयार झालं, वर गेलं आणि मिनिटभरात तुमच्या पुण्याच्या डिस्कवर उतरलं. सिंकने आपलं काम चोख केलं. पण तुमच्या स्क्रीनवर काहीच बदललं नाही, कारण तुमच्या प्रीमियरच्या मेमरीत अजून ११ वाजताचं पहिलं व्हर्जन आणि त्यावर तुम्ही केलेलं काम होतं. १२:१५ ला तुम्ही Save केलं. प्रीमियरने मेमरीतलं सगळं डिस्कवर लिहिलं, म्हणजे पहिलं व्हर्जन अधिक तुमचे बदल. मुलाखतींचं काम त्यात नव्हतंच. हे झालं तिसरं व्हर्जन. तेही सुरळीत वर गेलं आणि नाशिकला उतरलं. जेवणानंतर त्यांनी प्रीमियर पुन्हा सुरू केलं, तेव्हा काम गेल्याचं कळलं.

कॉन्फ्लिक्टची कॉपी का झाली नाही, हे समजून घेणं सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण बहुतेक जण तिच्याच भरवशावर असतात. सिंक करणारा प्रोग्राम एवढंच लक्षात ठेवतो की या मशिनच्या डिस्कवर शेवटचं कोणतं व्हर्जन होतं. फाइल बदलली की तो सर्व्हरला सांगतो, माझ्याकडे दुसरं व्हर्जन होतं, त्यावर हा बदल झाला. सर्व्हरवरही शेवटचं व्हर्जन दुसरंच असेल, तर त्याच्या दृष्टीने हा सरळ पुढचा बदल आहे आणि तो मुकाट्याने स्वीकारला जातो. तुमच्या डिस्कवर ११:४१ पासून दुसरं व्हर्जन होतं, त्यामुळे तुमचं तिसरं व्हर्जन त्याच्यावरच केलेलं आहे असं त्याला वाटलं. प्रत्यक्षात ते पहिल्यावर केलेलं होतं. प्रीमियरच्या मेमरीत काय आहे, हे सिंकला कधीच दिसत नाही.

कॉन्फ्लिक्टची कॉपी तयार होते ती वेगळ्या परिस्थितीत. समजा तुमचं नेट बंद होतं आणि दुसरं व्हर्जन तुमच्याकडे पोहोचायच्या आत तुम्ही Save केलं. मग सर्व्हरला दिसतं की दोन बदल एकाच जुन्या व्हर्जनवरून निघालेत. अशा वेळी ड्रॉपबॉक्स नावात conflicted copy जोडून दुसरी फाइल ठेवतं, सिंकथिंग `sync-conflict` आणि तारीख जोडतं. दोन्ही कामं शाबूत राहतात. थोडक्यात, नेट जितकं चांगलं तितकं काम गुपचूप जाण्याची शक्यता जास्त, कारण दुसऱ्याचं व्हर्जन वेळेत खाली उतरून ठेवलेलं असतं. ज्या टीम मला सांगतात की आमच्याकडे कधी कॉन्फ्लिक्ट येतच नाही, त्यांची व्हर्जन हिस्टरी मी आधी बघतो. लागोपाठच्या व्हर्जनपुढे आळीपाळीने दोन नावं दिसली, आणि फाइलचा आकार वाढायचा सोडून मध्येच कमी झालेला दिसला, की तिथे बहुधा एकाचं काम दुसऱ्याखाली गेलेलं असतं.

यात प्रीमियरची एक सेटिंग भर घालते. Preferences > Auto Save मध्ये "Auto Save also saves the current project(s)" असा पर्याय आहे. तो चालू असेल तर ऑटोसेव्हच्या वेळी मूळ फाइलही लिहिली जाते. म्हणजे तुम्ही फाइल उघडी ठेवून काम करत असाल आणि Save ला हातही लावला नसेल, तरी नाशिकचं काम पुसलं जाऊ शकतं. दोघांच्या मशिनवर हा पर्याय बंद करा. ऑटोसेव्हच्या वेगळ्या प्रती चालू राहू द्या, त्या हव्याच आहेत.

"मग दोन्ही बदल एकत्र करणारं काही असायला नको का?" हा प्रश्न मला नेहमी विचारतात. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ते जमतं, कारण एकाने तिसरी ओळ बदलली आणि दुसऱ्याने तीनशेवी, तर दोन्ही ठेवता येतात. प्रोजेक्ट फाइलच्या आतही मजकूरच असला तरी तिची रचना वेगळी आहे. प्रत्येक क्लिप, ट्रॅक, इफेक्ट ही एक वस्तू असते, तिला `ObjectID` चा नंबर असतो आणि बाकीच्या वस्तू `ObjectRef` लिहून त्या नंबरकडे बोट दाखवतात. तुम्ही आणि त्यांनी एकाच पहिल्या व्हर्जनवरून नव्या क्लिप टाकल्या, तर एकच नंबर दोन फाइलींत दोन वेगळ्या वस्तूंना मिळू शकतो. ओळी नुसत्या एकत्र केल्या तर टाइमलाइनवर भलतीच क्लिप येईल किंवा प्रोजेक्ट उघडणारच नाही. फोटोशॉपच्या `.psd` मध्ये तर मजकूरसुद्धा नसतो, सगळा बायनरी डेटा. एकत्र करणं शक्य नाही म्हटल्यावर एकच मार्ग उरतो: एका वेळी एकानेच लिहायचं. लॉक नेमकं हेच करतो.

आता प्रीमियरच्या स्वतःच्या लॉकबद्दल, कारण तो चालू करून निर्धास्त झालेले बरेच लोक भेटतात. Preferences > Collaboration मध्ये प्रोजेक्ट लॉकिंग आहे. ते चालू केलं की प्रोजेक्ट उघडणाऱ्याच्या नावाची एक छोटी `.prlock` फाइल शेजारी तयार होते आणि नंतर उघडणाऱ्याला प्रोजेक्ट फक्त वाचण्यासाठी मिळतो. इनडिझाइनची `.idlk` फाइलही याच जातीची. एकाच ऑफिसात, एकाच नॅसवरून, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कला जोडलेल्या सामायिक स्टोरेजवरून, दोघं काम करत असतील तर हे उत्तम चालतं. तिथे फाइल एकच असते, फोल्डर एकच असतं, आणि `.prlock` तयार झाली की त्याच क्षणी दुसऱ्या मशिनला दिसते.

सिंक फोल्डरमध्ये फाइल एक नसते. पुण्याच्या डिस्कवर एक आहे, नाशिकच्या डिस्कवर दुसरी, आणि सर्व्हरवर तिसरी. तुमच्या प्रीमियरने `.prlock` तयार केली ती तुमच्या डिस्कवर. ती वर जाऊन नाशिकला उतरेपर्यंत काही सेकंद, कधी काही मिनिटं जातात. फुटेजचे प्रॉक्सी त्याच वेळी अपलोड होत असतील तर ती रांगेत मागे पडू शकते. त्या मधल्या वेळात नाशिकला फाइल उघडली तर तिथल्या प्रीमियरला लॉक दिसत नाही आणि ते स्वतःची `.prlock` बनवतं. आता दोघांकडेही लॉक आहे, म्हणजे कुणाकडेच नाही. कुणी प्रवासात नेटशिवाय उघडली, तर ही मधली वेळ तासांची होते. प्रती तीन असताना लॉक कुणाला मिळाला हे ठरवणारी जागा मात्र एकच हवी, आणि ती तुमच्या डिस्कवर असून चालणार नाही.

मग अशी जागा कुठे मिळेल? ड्रॉपबॉक्सच्या टीम प्लॅनमध्ये फाइल लॉक करण्याची सोय सर्व्हरवरच आहे, शेअरपॉइंटमध्ये चेक-आउट आहे. स्वतःचा नेक्स्टक्लाउड चालवत असाल तर त्यात `files_lock` हे अॅप टाकता येतं. संगणकाची बऱ्यापैकी सवय असेल तर मला मोठ्या फाइलींची व्हर्जन सांभाळणारं गिट एलएफएस जास्त पटतं, कारण लॉक नसेल तर फाइल डिस्कवर फक्त वाचण्यापुरतीच राहते आणि Save दाबल्यावर प्रीमियरच अडवतं:

```
git lfs track "*.prproj" --lockable
git lfs lock film/bhag2.prproj
git lfs unlock film/bhag2.prproj
```

पहिली ओळ एकदाच द्यायची. दुसरी काम सुरू करताना, तिसरी काम वर पाठवून झाल्यावर. दोघांनी एकाच वेळी दुसरी ओळ दिली तर सर्व्हर एकालाच लॉक देतो, दुसऱ्याला तो कुणाकडे आहे ते सांगतो.

यातलं काहीच शक्य नसेल तर दोघांचा व्हॉट्सअॅप ग्रुपही चालतो, हे मी पूर्ण गांभीर्याने सांगतोय. "भाग २ घेतला" आणि "भाग २ सोडला" एवढेच दोन निरोप, तिसरं काही त्या ग्रुपवर बोलायचं नाही. एक नियम मात्र हवा: "घेतला" लिहिल्यावर समोरच्याचं "ठीक" आल्याशिवाय फाइल उघडायची नाही. दोन माणसांत हे टिकतं. तिसरा माणूस आला की मोडतं, तेव्हा खऱ्या लॉककडे वळा.

साधन कोणतंही घ्या, लॉक वापरण्याचा क्रम चुकला तर तो असून नसल्यासारखा आहे. आधी लॉक घ्या. मग सिंक पूर्ण झाल्याची खूण दिसेपर्यंत थांबा. मगच फाइल उघडा. हे उलटं केलं, म्हणजे आधी सिंक झालं बघून मग लॉक घेतला, तर मधल्या क्षणी समोरच्याने केलेला Save तुमच्याकडे आलेला नसतो. काम झालं की Save करा, प्रोजेक्ट बंद करा, अपलोड पूर्ण होऊ द्या आणि शेवटी लॉक सोडा. प्रोजेक्ट उघडा ठेवून लॉक सोडला की तुमच्या मेमरीत जुनी प्रत तशीच राहते, आणि संध्याकाळी सवयीने दाबलेलं एक Save कालचाच प्रकार पुन्हा घडवतं. टीमला क्रम शिकवताना मी सगळ्यात जास्त वेळ या बंद करण्यावर घालवतो, कारण लोक नेमकं तेच गाळतात.

अपलोडसाठी थांबणं डिझाइनच्या फाइलींत जास्त जाणवतं. दीड जीबीची `.psd` असेल आणि अपलोडचा वेग सेकंदाला १० मेगाबिट असेल, तर पूर्ण फाइल वर जायला २० मिनिटं लागतात. काही सेवा फाइलचे तुकडे करून फक्त बदललेले तुकडे पाठवतात. पण वरच्या लेयरमध्ये थोडीशी भर पडली तरी पुढचा सगळा डेटा सरकतो आणि बरेचसे तुकडे बदललेले ठरू शकतात. जीझिप केलेल्या `.prproj` मध्ये हे आणखी ठळक आहे: मजकुरात सुरुवातीला बदल झाला की त्यापुढचे दाबलेले बाइट्स बहुतेक सगळे वेगळे निघतात. म्हणून लॉक सोडण्याची वेळ Save वरून ठरवायची नाही, अपलोड संपल्यावरून ठरवायची.

तुम्हाला लॉकची खरी अडचण वेगळीच होईल, ती म्हणजे एकाने फाइल घेतली की दुसरा रिकामा बसतो. याचं उत्तर फाइल लहान करण्यात आहे. प्रीमियरमध्ये २०२० पासून प्रॉडक्शन्स आहेत. त्यात एक मोठा प्रोजेक्ट तोडून अनेक छोटे `.prproj` एका फोल्डरमध्ये ठेवता येतात आणि एका प्रोजेक्टमधली क्लिप दुसऱ्यात वापरली तरी तिची नक्कल होत नाही. तुमच्या माहितीपटासाठी मी अशी विभागणी करेन: मुलाखतींचा एक प्रोजेक्ट, बी-रोलच्या निवडीचा एक, चित्रपटाच्या प्रत्येक भागाचा एक, आणि शेवटच्या जोडणीचा एक. मुलाखती नाशिकला, पहिला भाग पुण्यात, असं दिवसभर दोघं काम करू शकता. लॉक फक्त त्या-त्या छोट्या फाइलवर असतो. प्रॉडक्शन्स मुळात एकाच सामायिक स्टोरेजसाठी बनवलेली आहेत, त्यामुळे सिंक फोल्डरमध्ये ती वापरताना वरचा लॉकचा क्रम अधिकच काटेकोर पाळावा लागतो. शेवटच्या जोडणीच्या प्रोजेक्टला एकच मालक ठरवा आणि तो पूर्ण काम संपेपर्यंत बदलू नका.

फुटेजला लॉक लागत नाही, कारण एडिटिंगमध्ये ते फक्त वाचलं जातं. ते दोघांच्या हार्ड डिस्कवर आहे तसंच राहू द्या, फक्त फोल्डरांची नावं आणि रचना तंतोतंत सारखी ठेवा, नाहीतर दर वेळी क्लिप पुन्हा लिंक करत बसावं लागेल. मीडिया कॅश आणि प्रिव्ह्यू फाइली सिंक फोल्डरच्या बाहेर ठेवा. त्या प्रत्येक मशिनच्या स्वतःच्या असतात, आणि त्यांच्या अपलोडमागे तुमची प्रोजेक्ट फाइल अडकून पडते.

राहिला प्रश्न अडकलेल्या लॉकचा. नाशिकला वीज गेली, लॅपटॉप बंद पडला, लॉक त्यांच्या नावावर तसाच राहिला. बहुतेक साधनांत तो जबरदस्तीने काढता येतो, गिट एलएफएसमध्ये `git lfs unlock --force` ने. पण तो काढण्याआधी फोन करा आणि एकच गोष्ट विचारा: तुमच्या मशिनवर वर न गेलेलं काही काम आहे का? असेल तर ते आधी Save As करून वेगळ्या नावाने ठेवायला सांगा, मग लॉक काढा. फोन लागत नसेल तर लॉकला हात लावू नका. फाइलची कॉपी काढून नव्या नावाने काम सुरू करा आणि नंतर सिक्वेन्स इम्पोर्ट करून जोडा.